पीएच ३.४९ की ३.५? संहतीत दोन सार्थ अंक असतील तर पीएचमध्ये किती आकडे ठेवायचे?

शर्वरीचे बाबा

मुलगी बारावी सायन्सला आहे. क्लासच्या सराव परीक्षेत प्रश्न होता: ३.२ × १०⁻⁴ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढा, उत्तर योग्य तेवढ्याच सार्थ अंकांत द्या. तिनं ३.५ लिहिलं, अर्धा मार्क गेला. उत्तरसूचीत ३.४९ आहे. तिच्या मैत्रिणीनं ३.५० लिहिलं होतं, तिचाही अर्धा मार्क गेला. घरी एका गाइडमध्ये असंच गणित सापडलं, तिथे उत्तर चार दशांशस्थळांपर्यंत दिलंय.

मी मेकॅनिकलचा माणूस. आम्हाला शिकवलेला नियम असा की गुणाकार-भागाकारात सर्वांत कमी सार्थ अंक ज्या संख्येत, तेवढेच उत्तरात. दिलेल्या संहतीत अंक दोन, म्हणून उत्तर ३.५. आता ३.४९ मध्ये तर सरळ तीन अंक दिसतात. हा तिसरा आला कुठून? मार्कासाठी भांडायचं नाहीये. मुलीला मी काय सांगू, एवढं कळलं तर बरं होईल.

नीरज_जेईई

काका, पीएच नेहमी दोन डेसिमलपर्यंतच लिहायचा असतो. लॅबमधला मीटर दोनच डेसिमल दाखवतो ना, म्हणून. ३.४९ बरोबर आहे. आमच्या टेस्ट सिरीजमध्ये सगळी उत्तरं तशीच असतात.

माळरान

सामू किती ठेवायचा ते पिकावर असतं बघा. आपल्याकडे डाळिंबाला साडेसात चालतो, पण माझ्या रानाचा आठाच्या वर आहे. गंधक टाकलं, शेणखत टाकलं, फार हलत नाही. ३.५ सामूची जमीन मी तरी पाहिली नाही, ते पाणी असेल तर फवारणीला अजिबात वापरू नका.

माझाही एक प्रश्न आहे. एकाच प्लॉटची माती दोन प्रयोगशाळांत दिली. एकीनं ८.१ काढला, दुसरीनं ८.४. खरा कुठला धरायचा?

निवृत्त मास्तर

माळरान, तुमच्या प्रश्नाकडे येऊच, इथे विषय आकडे किती लिहायचे याचा चाललाय. पण तुमचं उदाहरण कामाला येईल.

शर्वरीचे बाबा, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि लॉग टेबल उघडा. बोर्डाच्या परीक्षेत मुलांना तेच वापरायचं असतं. ३२ च्या ओळीत शून्याखाली ५०५१ आहे. म्हणजे ३.२ चा लॉग ०.५०५१. चारातून वजा केला की ३.४९४९. आता एक करून बघा. हायड्रोजन आयनांची संहती ३.२ × १०⁻² घ्या, पीएच १.४९ येईल. ३.२ × १०⁻⁴ ला ३.४९. ३.२ × १०⁻¹¹ ला १०.४९. तिन्ही ठिकाणी मोजणी तीच आहे, ३.२. आपल्याला त्या संख्येबद्दल जे ठाऊक आहे ते तेवढंच. तरी तुमच्या हिशोबानं पहिल्या दोन उत्तरांत तीन अंक झाले आणि शेवटच्यात चार. दहाचा घात बदलल्यानं आपलं ज्ञान वाढलं का? नाही.

दशांशचिन्हाच्या डावीकडचा आकडा हा घातातून आलेला आहे. जुन्या भाषेत आम्ही त्याला कॅरॅक्टरिस्टिक म्हणायचो. ०.०००३२ लिहिताना पुढची शून्यं तुम्ही सार्थ धरत नाही, कारण ती फक्त दशांशचिन्हाची जागा सांगतात. लॉग घेतला की तीच शून्यं डावीकडचा ३ होऊन बसतात. तेव्हा तो ३ मोजायचा नाही. मँटिसा, म्हणजे उजवीकडचा भाग, तेवढा ३.२ मधून आलाय आणि सार्थ अंक तिथेच मोजायचे. दोन अंक, म्हणून ३.४९.

शर्वरीचे बाबा

सर, डावीकडचा का मोजायचा नाही ते पटलं, १०.४९ च्या उदाहरणानं तर अगदीच. पण पुढचं अजून अडतंय. संहतीत दोन अंक असले की उजवीकडे दोनच ठेवायचे, हे कशावरून? एक का नाही, तीन का नाहीत? लॉग घेतला की संख्येचं रूपच बदलतं. मग अंकांची संख्या तेवढीच राहील याची खात्री कोण देतो? की हा नुसता ठरवून घेतलेला संकेत आहे?

ब्युरेट

औषधनिर्मितीत क्वालिटी कंट्रोलला आहे, रोजचं काम पीएच मीटरशी. तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३.२ असं लिहिलं म्हणजे खरी किंमत ३.१५ ते ३.२५ च्या मध्ये कुठेतरी आहे, असं आपण म्हणतोय. तर मग फक्त ३.२ चा लॉग घेऊन थांबू नका, दोन्ही टोकांचाही घ्या. स्प्रेडशीटमध्ये टाकून पाहा:

```
=-LOG10(3.15E-4)   3.5017
=-LOG10(3.20E-4)   3.4949
=-LOG10(3.25E-4)   3.4881
```

पीएच ३.४८८ ते ३.५०२ यांत कुठेही असू शकतो. पहिलं दशांशस्थळ जवळपास ठरलेलं आहे, दुसऱ्यात एखाद्या अंकाची हालचाल आहे, तिसरं पूर्ण अंधारात. शेवटचा सार्थ अंक असाच असतो, थोडा डळमळीत पण काहीतरी सांगणारा. म्हणून दोन.

आता उलट दिशेनं या. मुलीनं ३.५ लिहिलं. ते वाचणाऱ्याला फक्त ३.५ दिसतं, म्हणजे त्याच्या दृष्टीनं पीएच ३.४५ ते ३.५५ मध्ये आहे. त्यावरून संहती काढली तर ती २.८ × १०⁻⁴ पासून ३.५ × १०⁻⁴ पर्यंत काहीही निघते. आपल्याला ३.१५ ते ३.२५ एवढं नेमकं माहीत होतं, ते लिहिता लिहिता २.८ ते ३.५ झालं. मोजलेली माहिती आपण स्वतः पुसून टाकली. दुसऱ्या बाजूला कोणी ३.४९५ लिहिलं, तर तो म्हणतोय की संहती ३.१९५ ते ३.२०३ च्या आत आहे. म्हणजे ३.२० एवढं मला माहीत आहे, असा दावा झाला. तेवढं कोणी मोजलेलंच नाही.

याच्या मागचं गणित एका ओळीचं आहे. संहतीत जितके टक्के अनिश्चितता, त्याला ०.४३४ नं गुणा आणि शंभरानं भागा, ती पीएचमधली अनिश्चितता:

```
dpH = 0.434 * (dC / C)
```

हा ०.४३४ म्हणजे एक भागिले २.३०३, नैसर्गिक लॉगवरून दहाच्या लॉगवर येताना लागतो तोच. १ टक्का चूक म्हणजे पीएचमध्ये ०.००४, १० टक्के म्हणजे साधारण ०.०४. यातली खरी गोष्ट अशी की संहतीतल्या *टक्क्यांच्या* चुकीचं पीएचमध्ये *सरळ* चुकीत रूपांतर होतं. सार्थ अंक टक्क्यांची खबर देतात, दशांशस्थळं सरळ चुकीची. म्हणून इकडचे सार्थ अंक तिकडची दशांशस्थळं होतात. संकेत आहेच, पण तो या गणितावर उभा आहे.

नीरज_जेईई

म्हणजे मी म्हटलं तेच झालं ना, दोन डेसिमल.

ब्युरेट

नीरज, या प्रश्नापुरतं तुझं उत्तर बरोबर, कारण मात्र वेगळं आहे. दोन हा आकडा मीटरमधून आलेला नाही, ३.२ मधून आलाय. संहती ०.०५ दिली असेल तर पीएच १.३, एकच दशांशस्थळ. ०.०५० दिली तर १.३०. ०.०५०० दिली तर १.३०१. प्रश्नपत्रिकेत शेवटचं शून्य आहे की नाही हे बघायची सवय लाव, बरेच जण तिथेच घसरतात. मीटरचा संबंध येतो तो मोजलेल्या पीएचशी. इथे पीएच मोजलेला नाही, काढलेला आहे.

नीरज_जेईई

ओके, हे माहीत नव्हतं. पण आमच्या टेस्टमध्ये ०.०५ मोलर देऊन उत्तर १.३० असतं. मग ते चूक धरायचं का?

निवृत्त मास्तर

प्रश्न काढणारा बऱ्याचदा ०.०५ म्हणजे हवं तेवढं अचूक ०.०५ असं मनात धरून चालतो. ऑप्शनवाल्या प्रश्नात त्यानं काही बिघडत नाही, सगळ्यांत जवळचा पर्याय निवडायचा. पण "योग्य सार्थ अंकांत" असे शब्द घातले की त्याला ती सूट राहत नाही. ०.०५ देऊन १.३० मागणं मला मान्य नाही.

आयसीयू_नोंदी

मी रसायनशास्त्राची नाही, अतिदक्षता विभागात काम करते. शर्वरीच्या ३.५ वरून आमच्याकडची गोष्ट लिहावीशी वाटली. धमनीतल्या रक्ताचा पीएच निरोगी माणसात ७.३५ ते ७.४५ असतो. हायड्रोजन आयनांत बोलायचं तर साधारण ४५ ते ३५ नॅनोमोल प्रति लिटर. आता ही अख्खी पट्टी एका दशांशस्थळात लिहायची म्हटली तर? ७.४. आम्ही ज्याच्यावर निर्णय घेतो ते सगळं त्या एका आकड्याच्या पोटात जातं. ७.३६ वरून ७.४३ वर गेलेला पेशंट आणि जागचा न हललेला पेशंट दोघेही ७.४ च. म्हणून ब्लड गॅसचा रिपोर्ट दोन दशांशस्थळांशिवाय आम्ही वाचतच नाही. मशीन तिसराही अंक छापतं. त्या तिसऱ्यावर मी कधी निर्णय घेतलेला नाही.

शर्वरीचे बाबा

डॉक्टर, हे उदाहरण मुलीला लगेच वाचून दाखवलं. ७.३५ आणि ७.४५ दिसायला जवळजवळ आहेत, पण आयन ४५ आणि ३५, हे तिला भलतंच वाटलं.

ब्युरेट, टक्क्यांचं गणित समजलं. आता तिच्या मैत्रिणीचं ३.५०. तिनंही दोनच दशांशस्थळं ठेवलीत. तुम्ही काढलेल्या ३.४८८ ते ३.५०२ मध्ये ३.५० बसतं. मग ते चूक कसं?

निवृत्त मास्तर

ती कुठून गेली असेल ते मी सांगतो, वर्षानुवर्षं पेपरांत पाहिलंय. कॅल्क्युलेटरवर ३.४९४८५ आलं. तिनं आधी तीन दशांशस्थळांना गोल केलं, ३.४९५ झालं. मग आठवलं की दोनच हवीत. ३.४९५ मधल्या शेवटच्या पाचामुळे वर ढकललं, ३.५० झालं. दोनदा गोल केलं की असं होतं. ३.४९४८५ वरून थेट दोनवर आलं की ३.४९ च येतं, कारण तिसऱ्या जागी चार आहे. शेवटी एकदाच गोल करायचं, मधे नाही.

ब्युरेट

कारण मास्तर म्हणतात तसंच असणार. तरी तिचे मार्क कापायला माझा हात धजावला नसता. उलट करून बघा. पीएच ३.४९ वरून संहती ३.२३६, म्हणजे ३.२. पीएच ३.५० वरून ३.१६२, म्हणजे तीही ३.२. ३.४८ घेतला तर मात्र ३.३ येतं. दोन अंकांत परत गेलं की ३.४९ आणि ३.५० एकाच घरात पोहोचतात.

निवृत्त मास्तर

नाही पटलं. घर एकच, पण ती चुकीच्या वाटेनं पोहोचली. ३.२ चं ३.३ व्हायलाही दुसऱ्या गणितात अशाच दोन पायऱ्या पुरतात. अर्धा मार्क कापणं मला योग्य वाटतं, शेजारी कारण लिहून. इथे कारण न लिहिता कापलाय, त्याला माझा आक्षेप आहे.

नीरज_जेईई

मधे गोल करण्यावरून एक विचारतो. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ०.१० मोलर, केए १.८ × १०⁻⁵. मला २.८७ येतं, मित्राला २.८८, आणि बॅचमधल्या एकाला २.८९. तिघांनीही दोनच डेसिमल ठेवलेत!

ब्युरेट

छान गणित आणलंस, तिघांची वाट दिसते. तू अंदाजाचं सूत्र वापरलंस, केए गुणिले संहती, मग वर्गमूळ. १.३४२ × १०⁻³ येतं आणि पीएच २.८७२. मित्रानं वर्गसमीकरण पूर्ण सोडवलं, विघटन झालेला भाग वजा केला. त्याला १.३३३ × १०⁻³ मिळालं, पीएच २.८७५३, म्हणून २.८८. तिसऱ्यानं वर्गमूळ काढून लगेच दोन अंकांत गोल केलं, १.३ × १०⁻³, आणि त्याचा लॉग घेतला: २.८८६, म्हणजे २.८९. तुम्हा दोघांत फरक पडला तो सूत्राचा. त्याची मात्र चूकच आहे, मधे गोल केल्याची.

आता यात खरी अनिश्चितता किती ते पाहू. ०.१० म्हणजे ०.०९५ ते ०.१०५, पाच टक्के इकडेतिकडे. केए १.८ म्हणजे पावणेतीन टक्के इकडेतिकडे. पण दोन्ही वर्गमुळाच्या आत आहेत आणि वर्गमूळ टक्क्यांची चूक निम्मी करतं. दोन्ही एकाच बाजूला झुकले असं वाईटात वाईट धरलं तरी चार टक्क्यांच्या आत, म्हणजे पीएचमध्ये ०.०१७. २.८८ च्या आजूबाजूला एवढी जागा सोडली की तुमची तिन्ही उत्तरं तीत मावतात. म्हणून दुसरं दशांशस्थळ लिहायचं, पण त्यावरून मित्राशी भांडायचं नाही. सौम्य आम्लाला "सार्थ अंक तितकी दशांशस्थळं" हा नियम थोडा जास्तच काटकसर करतो, वर्गमुळामुळे खरी चूक त्याहून लहान असते. पण केए स्वतः पुस्तकागणिक १.७५ ते १.८ असा बदलतो, त्यामुळे मी तिसरं दशांशस्थळ लिहायला जाणार नाही.

शर्वरीचे बाबा

म्हणजे नियम नेहमी नेमका बसतोच असं नाही. तीव्र आम्लालाही कुठे गडबडतो का?

ब्युरेट

गडबडतो. दोन सार्थ अंक म्हणजे किती टक्के अनिश्चितता? १.० असेल तर ०.९५ ते १.०५, पाच टक्के. ९.९ असेल तर ९.८५ ते ९.९५, फक्त अर्धा टक्का. दोन्हींना आपण "दोन अंक" म्हणतो, पण त्यांच्या नेमकेपणात दहापट फरक आहे. सार्थ अंकांच्या पद्धतीतलंच हे वैगुण्य आहे, त्यात पीएचचा दोष नाही. पीएचमध्ये १.० × १०⁻³ ला चूक ०.०२ येते. तिथे ३.०० लिहितानासुद्धा शेवटचा अंक बराच हलतो. ९.९ × १०⁻⁴ ला चूक ०.००२. तिथे पीएच ३.००४, आणि नियमाप्रमाणे लिहायचं ३.००. गंमत बघा, १.० × १०⁻³ चाही ३.००. दोन वेगळ्या संहती एकाच पीएचमध्ये मिसळल्या.

माझ्या रिपोर्टमध्ये अशा वेळी मी नियम धरून बसत नाही. अनिश्चितता ०.४३४ नं गुणून काढतो आणि पीएचच्या शेजारी अधिक-उणे करून लिहितो. ३.००४ ± ०.००२ यात कोणाला शंका राहत नाही. परीक्षेत मात्र हा मार्ग नाही, तिथे ३.०० च लिहावं लागेल.

निवृत्त मास्तर

परीक्षेत कोणी ३.००४ लिहिलं आणि शेजारी हे दोन ओळींत मांडलं, तर मी पूर्ण मार्क देईन. नुसतं लिहिलं तर नाही.

माळरान

माझं राहिलं. ८.१ आणि ८.४.

ब्युरेट

माळरान भाऊ, विसरलो नव्हतो. आधी एक गोष्ट: ०.३ चा फरक दिसायला किरकोळ आहे, पण १० चा ०.३ वा घात म्हणजे जवळजवळ २. दोन प्रयोगशाळांनी सांगितलेली हायड्रोजन आयनांची संहती एकमेकींच्या दुप्पट आहे. तरीही मातीच्या बाबतीत मी दोघींनाही खोटं म्हणणार नाही. आपल्याकडे साधारण १० ग्रॅम माती आणि २५ मिलिलिटर पाणी घेऊन, ढवळून, थोडा वेळ ठेवून मोजतात. कोणी जास्त पाणी घातलं, कोणी मिश्रण खाली बसू दिलं, कोणी ढवळतानाच इलेक्ट्रोड बुडवला, की आकडा सरकतो. नमुना वेगळ्या जागचा असेल तर आणखी. पाण्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात मोजलं तर तीच माती सहसा आणखी खालचा आकडा दाखवते, म्हणून दोघांनी कशात मोजलं तेही विचारा.

बफरही बघायला हवं. बोरॅक्सचं बफर २५ अंशांना ९.१८ असतं, पण ३५ अंशांना ९.१०. मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत कोणी मीटर ९.१८ वर जुळवला आणि तापमानाचं बटण तसंच राहिलं, तर आठाच्या वरच्या मातीचा आकडा चुकणारच. म्हणून मातीचा सामू एकाच दशांशस्थळात देतात ते योग्य आहे. तुमच्या कागदावर ८.१४ छापलं असतं तर मला ते खटकलं असतं. पुढच्या वेळी एकाच ठिकाणी, त्याच पद्धतीनं करून घ्या आणि मागच्या वर्षाशी ताडून पाहा.

माळरान

एकीनं पाण्यात केलंय, दुसरीनं कशात ते कागदावर नाही. विचारून सांगतो. पण मग गंधकाचा डोस कुठल्या आकड्यावर काढू?

ब्युरेट

डोस नुसत्या सामूवर काढू नका, मुक्त चुन्याचं प्रमाण बघा. चुना भरपूर असेल तर गंधकाचा बराचसा भाग तो चुना संपवण्यातच जातो आणि सामू फारसा हलत नाही. तुमच्या रानात तेच होत असावं. वेगळा धागा काढा, शेतीतली जाणकार मंडळी तिथे येतील.

शर्वरीचे बाबा

एक शेवटचं. नीरजनं मीटरचा विषय काढला होता. समजा शर्वरीच्या गणितातलं ते आम्ल मी खरंच बनवलं आणि चांगल्या मीटरनं मोजलं. ३.४९ दिसेल का?

ब्युरेट

दिसलं तर ३.५० दिसण्याचीच शक्यता जास्त. खरंच.

मीटर संहती मोजत नाही, आयनांची सक्रियता मोजतो. द्रावणात ऋण आयनांचा गराडा असला की हायड्रोजन आयन आपल्या संख्येपेक्षा थोडा कमी असल्यासारखा वागतो. इतक्या पातळ द्रावणात हा परिणाम दोन टक्क्यांच्या आसपास आहे, पीएचमध्ये ०.००९. ३.४९५ मध्ये मिळवा: ३.५०४. शिवाय मीटरचंही बघा. २५ अंशांना एक पीएच म्हणजे ५९.१६ मिलिव्होल्ट, ०.०१ पीएच म्हणजे अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षा जरासं जास्त. इतक्या कमी आयनांच्या द्रावणात इलेक्ट्रोड स्थिर व्हायला वेळ घेतो आणि तेवढा तर सहज तरंगतो. रोजच्या कामात ०.०२ पर्यंतची चूक धरूनच चालावं लागतं.

संहती वाढवा, हा फरक ठळक होतो. आमच्याकडे सोडियम कार्बोनेटनं टायट्रेट करून आम्लाची संहती चार अंकांत ठरवतात. समजा ती ०.१०२४ मोलर निघाली. चार सार्थ अंक, म्हणून नियमाप्रमाणे पीएच ०.९८९७. गणित निर्दोष आहे. आणि मीटर त्याच बाटलीत दाखवणार १.१ च्या जवळ. म्हणजे नियमानं दिलेल्या चार दशांशस्थळांपैकी पहिलंच प्रत्यक्षात बसत नाही. सार्थ अंकांचा नियम एवढंच बघतो की लॉग घेताना माहिती सांडू नये आणि फुगू नये. संहती आणि सक्रियता एकच आहेत हे आपण गृहीत धरलं होतं, ते तपासणं त्याच्या हातात नाही.

निवृत्त मास्तर

ब्युरेट, हे बारावीच्या मुलीला सांगू नका, तिच्या अभ्यासक्रमात सक्रियता नाही. तिला ३.४९ पुरे.

आयसीयू_नोंदी

मला वाटतं सांगावं. आमच्या बॅचला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मशीनवरचा तिसरा अंक आम्ही बराच काळ गंभीरपणे घेत होतो.

शर्वरीचे बाबा

सांगितलं आहे, आणि तिनं लगेच विचारलं की मग मैत्रिणीचं ३.५० जास्त बरोबर का. मी म्हटलं, प्रश्नात संहतीवरून "काढा" म्हटलंय, "मोजा" नाही, म्हणून कागदावर ३.४९. तिला ते अर्धंच पटलंय. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे द्रावण बनवून मोजू देतील का, ते ती सोमवारी सरांना विचारणार आहे.

ब्युरेट

विचारू दे. फक्त मीटर ४ आणि ७ च्या ताज्या बफरनी जुळवायला सांगा, द्रावण हलकं ढवळत ठेवा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. जास्त संहतीचं आम्ल टायट्रेट करून त्यातून पातळ केलं तरच ३.२ या आकड्याला अर्थ आहे. थेट बाटलीतल्या संहत आम्लापासून बनवलं तर ३.२ चं ३.० की ३.४ हेच माहीत नसेल, आणि मग पीएच एका दशांशस्थळापलीकडे वाचण्यात काही हशील नाही.